सीव्हीवर सर्टिफिकेशन कशी लिहायची: नाव, तारीख, क्रम आणि मुदत संपलेल्यांचं काय करायचं

ऑगस्ट २०२५ मध्ये ओळखीतल्या एका मुलीनं मला तिचा सीव्ही पाठवला. साताऱ्याची, बीसीए झालेली, पुण्यात दोन वर्षं डेस्कटॉप सपोर्टचं काम केलेली. तिला नेटवर्क सपोर्ट इंजिनिअरच्या जागेसाठी अर्ज करायचा होता. जाहिरातीत सीसीएनए हे नेटवर्किंगचं सर्टिफिकेशन मागितलं होतं आणि अ‍ॅझ्युर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाऊड सेवेची ओळख असल्यास प्राधान्य, असं लिहिलं होतं. तिनं दोन्ही परीक्षा दिलेल्या होत्या, तरी अशाच तीन जागांसाठी अर्ज करूनही तिला एकही फोन आला नव्हता. सीव्हीवरचा सर्टिफिकेशनचा भाग असा होता:

```
CERTIFICATIONS
MS-CIT
Udemy Python
Webinar on Cyber Security
CCNA
AZ900
AWS (pursuing)
```

आमच्या टीमसाठी आलेले सीव्ही वाचणं हा गेली काही वर्षं माझ्या कामाचा भाग आहे. या भागावर नजर टाकताना मला चार गोष्टी हव्या असतात: नेमकं कोणतं सर्टिफिकेशन, कोणी दिलं, कधी दिलं आणि आज ते चालू आहे का. वरच्या सहा ओळींपैकी एकही ओळ या चारही प्रश्नांची उत्तरं देत नाही. मग वाचणारा स्वतः शोधत बसत नाही, पुढचा सीव्ही उघडतो. आम्ही दोघींनी एका संध्याकाळी बसून हा भाग नव्यानं लिहिला. त्याच क्रमानं सांगते.

पायरी १: आधी दोन ढीग करा

मराठीत आपण सगळ्यालाच सर्टिफिकेट म्हणतो, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. एका प्रकारात तुम्ही देखरेखीखाली परीक्षा देता, पास झालात तर सिस्को, मायक्रोसॉफ्ट, एडब्ल्यूएस, कॉम्पटिया अशा संस्थेकडून तुम्हाला नंबर असलेलं सर्टिफिकेशन मिळतं आणि ते बाहेरच्या माणसाला तपासता येतं. दुसऱ्या प्रकारात तुम्ही कोर्स पूर्ण केला किंवा वेबिनारला हजर होतात, एवढंच त्या कागदावर लिहिलेलं असतं. दुसरा प्रकार खोटा किंवा फुकट नाही. पण तो पहिल्याच्या रांगेत बसवला, की पहिल्याचीही किंमत उतरते. वेबिनारच्या खाली सीसीएनए दिसलं, की वाचणाऱ्याला वाटतं की हेही सीसीएनएच्या क्लासला जाऊन आल्याचं प्रशस्तिपत्र असेल.

म्हणून दोन मथळे करा. परीक्षा देऊन मिळवलेली सर्टिफिकेशन एका मथळ्याखाली आणि कोर्स दुसऱ्या, `TRAINING` अशा मथळ्याखाली. वेबिनार सहसा कुठेच नको. तिच्या यादीतून तो सरळ काढला. पायथॉनचा कोर्स ठेवला, कारण त्यात शिकलेलं वापरून तिनं ऑफिसात लॅपटॉपांची यादी तयार करणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती आणि तिच्याबद्दल तिला बोलता येत होतं.

एमएस-सीआयटीवर आम्ही थोडा वेळ थांबलो. महाराष्ट्रात सरकारी भरतीसाठी ते अनेकदा मागतात आणि तिथल्या अर्जात ते ठळकपणे असायलाच हवं. नेटवर्कच्या खासगी नोकरीत मात्र त्यानं फरक पडत नाही, आणि हीच कंपनी बंगळुरू किंवा हैदराबादची असेल तर तिथल्या एचआरला ते नावही माहीत नसतं. या अर्जातून ते काढलं. तुम्हाला ठेवायचंच असेल तर पूर्ण नावानं लिहा आणि शेवटी ठेवा.

पायरी २: नाव कागदावर आहे तसं, आणि त्याच्या शेजारी संक्षेप

आता प्रत्येक सर्टिफिकेशनची पीडीएफ किंवा डिजिटल बॅजचं पान उघडा आणि तिथलं नाव अक्षरशः उतरवा. आठवणीतून लिहू नका. तिनं `AZ900` लिहिलं होतं. तो परीक्षेचा कोड आहे, तोही मधली रेघ गाळून. त्या परीक्षेनं मिळणाऱ्या सर्टिफिकेशनचं नाव वेगळं आहे:

```
Microsoft Certified: Azure Fundamentals (AZ-900)
Cisco Certified Network Associate (CCNA)
```

पूर्ण नाव आणि संक्षेप दोन्ही का लिहायचे? सीव्ही शोधणारी माणसं आणि त्यांची सॉफ्टवेअर शब्द टाकून शोधतात. रिक्रूटर बहुतेक वेळा सीसीएनए हा संक्षेपच टाकते. एखादी कंपनी जाहिरातीतलं पूर्ण नाव तसंच टाकते. दोन्ही एका ओळीत असले की कोणत्याही शोधात तुम्ही सापडता. संक्षेप एकदाच द्या. पुढे अनुभवाच्या भागात किंवा वरच्या परिचयात नुसता संक्षेप वापरला तरी चालतो.

नुसतं `AWS Certified` लिहिणं ही अशीच एक चूक मी नेहमी पाहते. एडब्ल्यूएसची सर्टिफिकेशन अनेक आहेत. पायाभूत क्लाऊड प्रॅक्टिशनर आणि प्रोफेशनल पातळीचा सोल्युशन्स आर्किटेक्ट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पातळी लपवली तर वाचणारा खालचीच धरतो, आणि तुमच्याकडे वरची असेल तर नुकसान तुमचंच.

नावानंतर देणारी संस्था येते. इथे महाराष्ट्रातल्या मुलांची एक चूक इतकी सरसकट आहे, की ती वेगळी सांगायला हवी. जिथे क्लास लावला त्या इन्स्टिट्यूटचं नाव लिहिलं जातं. डेक्कनच्या किंवा ठाण्याच्या एखाद्या क्लासमध्ये तुम्ही शिकलात, पण सीसीएनए सिस्को देते. सीसीएनएपुढे क्लासचं नाव दिसलं, की ‘परीक्षा दिलीच नाही, फक्त क्लास केला’ असा अर्थ लावला जातो. तिच्या आधीच्या सीव्हीत हेच होतं. नंतर कोणीतरी सांगितलं म्हणून तिनं क्लासचं नाव काढलं, पण त्या जागी सिस्को लिहायचं राहून गेलं.

लोगो आणि बॅजची चित्रं सीव्हीत चिकटवू नका. चित्रातला मजकूर सीव्ही वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला बहुधा वाचता येत नाही. एक सोपी तपासणी आहे: पीडीएफ उघडा, सर्टिफिकेशनचा भाग माउसनं निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे जे उमटेल, साधारण तेवढंच सॉफ्टवेअरला दिसतं. ओळी उलटसुलट आल्या किंवा गायब झाल्या, तर टेबल आणि दोन कॉलमचा साचा सोडून साध्या ओळी करा.

पायरी ३: तारखा

तारीख लिहायची ती सर्टिफिकेशन मिळाल्याची. क्लास सुरू झाल्याची किंवा संपल्याची नाही. महिना अक्षरांत आणि वर्ष चार आकड्यांत, `Mar 2022` असं. `03/04/22` असं लिहिलंत तर पुण्यातला माणूस ३ एप्रिल वाचेल आणि अमेरिकेतला मॅनेजर ४ मार्च. आपल्या बऱ्याच नोकऱ्यांचा शेवटचा इंटरव्ह्यू तिकडचाच माणूस घेतो. दिवस लिहायची गरज नाही.

मग मुदत. कोणाची किती हे माहीत असायला हवं, कारण समोरच्याला ते माहीत असतं. सिस्कोचं सीसीएनए तीन वर्षं चालतं. एडब्ल्यूएसची सर्टिफिकेशन तीन वर्षं, कॉम्पटियाचं ए प्लसही तीन वर्षं. मायक्रोसॉफ्टची असोसिएट आणि एक्स्पर्ट पातळीची कामानुसार असलेली सर्टिफिकेशन, उदाहरणार्थ अ‍ॅझ्युर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, एकच वर्ष चालतात, पण शेवटच्या सहा महिन्यांत ऑनलाइन मूल्यमापन देऊन ती विनाशुल्क वाढवता येतात. ती संधी हुकली तर पुन्हा पूर्ण परीक्षा. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युर फंडामेंटल्सला मात्र मुदत नाही.

यावरून तारखेच्या ओळीचे प्रकार ठरतात. मुदत असलेल्याला दोन्ही टोकं द्या. नूतनीकरण केलं असेल तर तेही लिहा, कारण पहिल्यांदा कधी मिळालं यावरून तुमचा त्या विषयाशी असलेला जुना संबंध दिसतो. मुदत नसलेल्याला फक्त मिळाल्याची तारीख. त्यापुढे ‘लाइफटाइम’ वगैरे जोडू नका.

```
Issued Feb 2024; valid through Feb 2027
Issued Jun 2023; renewed May 2025; valid through Jun 2026
Issued Nov 2022
```

याच ओळीत पडताळणीची सोय करा. सिस्को, एडब्ल्यूएस आणि कॉम्पटिया डिजिटल बॅज क्रेडली या वेबसाइटवर देतात. मायक्रोसॉफ्टची सर्टिफिकेशन मायक्रोसॉफ्ट लर्नच्या प्रोफाइलवरून शेअर करता येतात. त्या पानाची लिंक नावाला जोडा आणि पाठवण्याआधी ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत ती उघडून पाहा. तुम्ही लॉगइन असता तेव्हा स्वतःला सगळं दिसतं. बॅज खासगी ठेवलेला असेल तर दुसऱ्याला रिकामं पान दिसतं आणि तुम्हाला त्याचा पत्ताच लागत नाही. लिंक द्यायची नसेल तर सर्टिफिकेशनचा नंबर लिहा.

नाव आणि तारखा लिंक्डइनवर आणि नोकरीच्या पोर्टलवरही हुबेहूब याच हव्यात. रुजू होताना कंपनी कागदपत्रं तपासून घेते, आणि तिथे एका ठिकाणी २०२२ आणि दुसरीकडे २०२३ निघालं तर साधी टायपिंगची चूकसुद्धा समजावून सांगत बसावी लागते.

पायरी ४: अजून मिळवायचं असलेलं

तिच्या यादीत शेवटी `AWS (pursuing)` होतं. मी विचारलं, “परीक्षा कधी आहे?”

ती जरा थांबली आणि म्हणाली, “ताई, बुक नाही केलेली अजून. व्हिडिओ बघतेय. निम्मे झालेत.”

ती ओळ आम्ही काढली. माझा नियम सोपा आहे: परीक्षेची तारीख ठरलेली असेल, किंवा एखाद्या लांब अभ्यासक्रमाला रीतसर नोंदणी झालेली असेल, तरच चालू म्हणून लिहायचं. ‘पर्स्युइंग’ हा शब्द टाळा. आमच्याकडे येणाऱ्या सीव्हींत तो इतक्या वेळा दिसतो, आणि त्यामागे बहुतेक वेळा काहीच नसतं, की खरोखर तारीख बुक केलेल्या मुलांनाही त्याचा फटका बसतो. तारीख असेल तर तारीखच लिहा:

```
AWS Certified Cloud Practitioner (CLF-C02), Amazon Web Services
In progress: exam booked for Sep 2025
```

ही ओळ मिळवलेल्या सर्टिफिकेशनच्या खाली ठेवा. सीव्हीच्या माथ्यावर, नावापुढे किंवा परिचयाच्या पहिल्या वाक्यात तिला जागा नाही. परीक्षा पास झालात पण सर्टिफिकेशन हातात यायचं आहे, अशी स्थिती असेल तर तेच लिहा: परीक्षा पास, सर्टिफिकेशन प्रतीक्षेत.

टप्प्याटप्प्यानं मिळणाऱ्या पात्रतांत ही रेषा आणखी कडक आहे. सीएच्या इंटरमिजिएटचे दोन्ही ग्रुप पास झालेल्यानं तसं अभिमानानं लिहावं, पण नावापुढे सीए लावण्याचा हक्क संस्थेचं सभासदत्व मिळाल्यावरच येतो. माहिती सुरक्षेतल्या सीआयएसएसपीचंही असंच आहे. परीक्षा पास झालात पण लागणारा पाच वर्षांचा अनुभव नसेल, तर तुम्ही आयएससी-टू या ते देणाऱ्या संस्थेचे असोसिएट असता. सीआयएसएसपी ही अक्षरं तेव्हा वापरता येत नाहीत. वापरली तर देणाऱ्या संस्थेच्या नियमांचा भंग होतो, आणि ते मिळवण्याआधीच अडचण उभी राहते.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. सीव्ही पोर्टलवर टाकला की तो महिनोन्‌महिने तिथेच पडून असतो. परीक्षा जानेवारीत असल्याची ओळ एप्रिलमध्ये कोणी वाचली, तर तो एकच अर्थ काढतो: नापास. म्हणून परीक्षा बुक कराल त्याच दिवशी, परीक्षेच्या दुसऱ्या दिवसासाठी फोनमध्ये ‘सीव्ही बदल’ असं रिमाइंडर लावा. पास झालात तर ओळ बदला. पुढे ढकलली तर नवी तारीख टाका. नापास झालात आणि लगेच पुन्हा बुक करणार नसाल तर ओळ काढून टाका. नापास झाल्याचं सीव्हीवर सांगायची गरज कोणालाही नसते.

पायरी ५: मुदत संपलेलं

आता मुख्य अडचण. तिचं सीसीएनए मार्च २०२२ चं होतं, म्हणजे मार्च २०२५ मध्ये संपलेलं. तारीख का नाही लिहिली, असं विचारल्यावर ती खरं तेच म्हणाली: “तारीख लिहिली तर संपलंय हे कळेल ना, ताई.”

तारीख नसली तरी ते कळतं. नेटवर्कच्या टीममधला कोणीही बिनतारखेचं सीसीएनए पाहिलं की पहिली शंका तीच घेतो. फरक इतकाच, की मग त्याला तुमच्या हेतूवरही शंका येते. काही वर्षांपूर्वी मी आधी होते त्या कंपनीत एका मुलाची निवड झाली होती. इंटरव्ह्यू छान गेला होता. कागद तपासताना त्याचं सर्टिफिकेशन दीड वर्षापूर्वीच संपल्याचं निघालं आणि ऑफर मागे घेतली गेली. त्याला काम येत होतं. त्यानं ‘संपलंय, पुन्हा देतोय’ असं आधीच लिहिलं असतं तर मी स्वतः त्याच्या बाजूनं बोलले असते. तसं बोलायला मला जागाच उरली नाही, आणि ती गोष्ट मला अजून लागते.

मुदतीबद्दल कंपन्या इतक्या काटेकोर का असतात, हेही माहीत असू द्या. सिस्को, एडब्ल्यूएस यांच्या भागीदार असलेल्या कंपन्यांना भागीदारीची पातळी टिकवण्यासाठी चालू सर्टिफिकेशन असलेली ठरावीक संख्येची माणसं दाखवावी लागतात. संपलेलं सर्टिफिकेशन त्या मोजणीत धरलं जात नाही. तुमचं ज्ञान कमी झालं असं त्यांना म्हणायचं नसतं. त्यांना मोजता येणारं डोकं हवं असतं. म्हणून अशा कंपनीत अर्ज करताना संपलेलं सर्टिफिकेशन लपवणं सगळ्यात महागात पडतं.

मग लिहायचं कसं? जे संपलंय पण या नोकरीशी थेट संबंधित आहे, ते ठेवा, दोन्ही तारखा द्या आणि `expired` हा शब्द स्पष्ट लिहा. परिचयाच्या ओळीत ‘सीसीएनए सर्टिफाइड’ असा वर्तमानकाळ मात्र नको. जे संपलंय आणि या नोकरीशी संबंधितही नाही, ते गाळा. गाळण्यात फसवणूक नाही, कारण सीव्ही ही सगळ्या कागदांची नोंदवही नव्हे.

तिसरा प्रकार थोडा वेगळा. काही वेळा तुमची मुदत चुकलेली नसते, देणाऱ्यानं तो कार्यक्रमच बंद केलेला असतो. मायक्रोसॉफ्टनं एमसीएसए या जुन्या सर्टिफिकेशनच्या परीक्षा ३१ जानेवारी २०२१ ला बंद केल्या. सिस्कोनं फेब्रुवारी २०२० मध्ये सीसीएनएच्या वेगवेगळ्या शाखा मोडून एकच सीसीएनए केलं. अशा ठिकाणी जुनं नाव तसंच ठेवा, मिळाल्याचं वर्ष द्या आणि पुढे `program retired` लिहा. हे जुने लोक चटकन समजतात आणि त्यात कमीपणा मानत नाहीत.

तिच्यापुढे आता खरा प्रश्न होता: संपलेलं सीसीएनए दाखवून अर्ज करायचा, की आधी परीक्षा द्यायची? सीसीएनएची मुदत चालू असताना ते सिस्कोच्या शिक्षण-क्रेडिटवरही वाढवता येतं. एकदा संपलं की पुन्हा परीक्षाच. मी तिला म्हटलं, “एडब्ल्यूएसचे व्हिडिओ बाजूला ठेव. या नोकरीला सीसीएनए लागतं, त्याचीच तारीख घे.” तिनं त्याच रात्री ऑक्टोबरमधली तारीख बुक केली आणि पावतीचा स्क्रीनशॉट मला पाठवला. त्यामुळे संपलेली ओळ आणि चालू असलेली ओळ एकाच ठिकाणी आली.

पायरी ६: क्रम आणि जागा

क्रम लावताना जाहिरात शेजारी उघडी ठेवा. जे मागितलंय ते सगळ्यात वर, मग ते जुनं का असेना. त्याखाली मुदत न संपलेली, नवी आधी आणि जुनी नंतर. केवळ तारखेच्या उलट्या क्रमानं लावायचं हा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. तो वाईट नाही, पण त्यानं मागितलेलं सर्टिफिकेशन चौथ्या ओळीत जाऊ शकतं आणि चौथी ओळ वाचली जाईलच असं नाही. तिच्या बाबतीत सीसीएनए संपलेलं असूनही मी ते पहिलं ठेवलं, कारण शेजारी पुन्हा परीक्षेची तारीख होती. तारीख नसती तर अ‍ॅझ्युर वर गेलं असतं.

ओळी तीन ते पाच पुरतात. जाहिरातीत सर्टिफिकेशनची अट असेल तर हा भाग शिक्षणाच्या वर घ्या. नसेल आणि तुम्ही नुकतेच पास झाला असाल, तर शिक्षणाच्या खाली. नावापुढे अक्षरं लावायची ती प्रकल्प व्यवस्थापनातल्या पीएमपी किंवा सीआयएसएसपी अशा, अनुभवाची अट असलेल्या पात्रतांचीच. पायाभूत पातळीची सर्टिफिकेशन नावापुढे लावू नका.

शेवटी तिचा भाग असा झाला:

```
CERTIFICATIONS
Cisco Certified Network Associate (CCNA), Cisco
  Issued Mar 2022; expired Mar 2025
  Retake (200-301) booked for Oct 2025
Microsoft Certified: Azure Fundamentals (AZ-900), Microsoft
  Issued Nov 2022

TRAINING
Python course, Udemy, 2023
```

सहा ओळींच्या जागी दोन सर्टिफिकेशन आणि एक कोर्स. तिला सुरुवातीला हे फार रिकामं वाटलं. मी तिला जाहिरात पुन्हा वाचायला सांगितलं. त्यात मागितलेलं सगळं आता पहिल्या पाच ओळींत होतं.

सप्टेंबरमध्ये तिला एका कंपनीनं बोलावलं. इंटरव्ह्यू घेणाऱ्यानं सीव्हीवर बोट ठेवून पहिलाच प्रश्न विचारला, “परीक्षा ऑक्टोबरला ना? तयारी कुठवर आलीय?” पुढची दहा मिनिटं ते व्हीलॅन आणि ओएसपीएफ या नेटवर्किंगच्या विषयांबद्दलच बोलत होते. ऑक्टोबरमध्ये ती पास झाली आणि दुसऱ्या दिवशी रिमाइंडर वाजल्यावर तिनं त्या तीन ओळी बदलल्या:

```
Cisco Certified Network Associate (CCNA), Cisco
  Issued Oct 2025; valid through Oct 2028
  First earned Mar 2022
```